जाहिरात आली आणि डोक्यातला आकडा निसटला

सुडोकूची एक ओळ डोळ्यांसमोर आणा. नऊपैकी सहा आकडे भरलेले आहेत. २, ५ आणि ७ राहिले आहेत. पहिल्या रिकाम्या घराच्या उभ्या रांगेत ५ आहे, म्हणजे तिथे २ किंवा ७. त्याच घराच्या छोट्या चौकोनात ७ आधीच बसलेला आहे, म्हणजे तिथे २ च. आता राहिले ५ आणि ७. दुसऱ्या रिकाम्या घराच्या उभ्या रांगेत ७ दिसतो, म्हणजे तिथे ५ आणि तिसऱ्या घरात ७. एवढे ठरवायला तीन आकडे, तीन जागा आणि तीन नकार काही सेकंद मनात धरून ठेवावे लागतात.

नेमक्या त्या क्षणी पडदाभर व्हिडिओ सुरू होतो. कुणीतरी रमी खेळतोय, कुणाला तरी पाच मिनिटांत कर्ज मिळतंय. कोपऱ्यात बारीक फुली आहे, ती पंधरा सेकंदांनी दिसू लागते. फुली दाबून परत यावे, तर समोर तेच कोडे. पण २ कुठे बसणार होता, ते आठवत नाही.

दहा वर्षांची नात चिडते आणि पुन्हा सुरू करते. बहात्तर वर्षांचे आजोबा मात्र गप्प होतात. माझ्या ओपीडीत हे गप्प होणे 'विसरभोळेपणा' या नावाने येते, म्हणून त्याविषयी लिहायचे ठरवले.

व्यत्ययाने वयस्कांचे जास्त का बिघडते

काही सेकंद माहिती मनात धरून तिच्यावर काम करण्याच्या क्षमतेला वैद्यकशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात. फोन नंबर ऐकून डायल करेपर्यंत तो लक्षात ठेवतो, तीच ही स्मृती. तिचा फळा लहान असतो, तीन-चार गोष्टींपलीकडे त्यावर फारसे मावत नाही. वयानुसार हा फळा थोडा आणखी आक्रसतो. लहान मुलांमध्ये तो अजून पुरता वाढलेला नसतो. म्हणजे संध्याकाळी एकाच मोबाईलभोवती बसणाऱ्या आजी-आजोबा आणि नातवंडांची ही बाजू सारखीच नाजूक असते.

फरक पडतो तो व्यत्ययानंतर. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तरुणांना आणि ज्येष्ठांना निसर्गदृश्याचे चित्र लक्षात ठेवायला सांगितले, आणि मध्येच एका चेहऱ्याचे चित्र दाखवून त्यावर प्रश्न विचारला. त्या वेळी त्यांच्या मेंदूचे स्कॅन सुरू होते. मधल्या चेहऱ्याकडे लक्ष दोन्ही गटांचे गेले. पण चेहरा निघून गेल्यावर तरुणांचा मेंदू त्याला सोडून मूळ चित्राकडे परतला. ज्येष्ठांचा मेंदू त्या चेहऱ्यातच अडकून राहिला आणि मूळ चित्राशी तुटलेला धागा पुन्हा जोडू शकला नाही. हे ज्येष्ठ निरोगी होते. स्मृतिभ्रंशाचा रोग त्यांना नव्हता.

कोड्याच्या मध्यात येणारी जाहिरात हाच प्रयोग घराघरांत दर दोन मिनिटांनी करत असते. म्हणून मी ज्येष्ठांच्या फोनवरील जाहिरातींना निव्वळ कटकट म्हणत नाही. ज्या क्षमतेवर कोडे उभे असते, तीच त्या मोडतात.

एका काकांची गोष्ट

एकाहत्तर वर्षांचे एक निवृत्त एसटी वाहक मधुमेहाच्या तपासणीला नियमित येतात. एकदा मुलगा सोबत आला. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, बाबांचं डोकं चालेनासं झालंय. पूर्वी पेपरातलं शब्दकोडं चहा संपेपर्यंत सोडवायचे. मेंदूला व्यायाम म्हणून मी सुडोकू टाकून दिलं, तर सगळ्यात सोपी पातळीही जमत नाही. त्यावरून मुलगी त्यांना हसते, मग ते जेवायलाही बाहेर येत नाहीत."

मी म्हटले, "काका, माझ्यासमोर एक डाव खेळा बघू."

बारा मिनिटांत सात जाहिराती आल्या. आकड्यांची बटणे पडद्याच्या तळाशी दाटीने होती. काकांना ५ दाबायचा होता, दाबला गेला ८. अॅपने लाल रंग दाखवला आणि 'तीनपैकी एक चूक' अशी नोंद केली. तिसऱ्या चुकीला डाव संपला. पुढे खेळायचे तर तीस सेकंदांची जाहिरात बघा, असे बटण आले. ती बंद करताना फुली हुकली आणि प्ले स्टोअर उघडले. काकांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि मुलाकडे बघायचे टाळले.

केसपेपरच्या मागे मी सहा बाय सहाचा सुडोकू हाताने आखून दिला आणि पुढच्या रुग्णाला बोलावले. तो रुग्ण बाहेर पडेपर्यंत काकांनी सगळी घरे बरोबर भरली होती. नंतर तीन शब्द लक्षात ठेवून सांगणे, घड्याळाचे चित्र काढणे, पैशांचा हिशेब अशी प्राथमिक तपासणी केली. त्यातही काही वावगे निघाले नाही. निघाला तो चष्मा. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, पण जवळचा चष्मा शस्त्रक्रियेआधीचाच होता.

काकांना नवा चष्मा आणि दुसरे अॅप एवढेच सुचवले. घरात मात्र चार महिने सगळे त्यांच्याकडे 'सुरुवात झाली बहुतेक' अशा नजरेने बघत होते. अॅपमधली हार ही मेंदूची हार समजली गेली, हे त्या घराचे खरे नुकसान होते.

अॅप देण्याआधी स्वतः तपासा

प्ले स्टोअरवर अॅपच्या नावाखाली बारीक अक्षरांत Contains ads आणि In-app purchases अशा दोन सूचना असतात. पहिली नसेल तर जाहिराती नाहीत. दुसरी असेल तर आत कुठेतरी पैसे मागितले जातील. पहिली सूचना असलेले प्रत्येक अॅप त्रासदायकच असते असे नाही. तळाशी एक स्थिर पट्टी असली तरी ती लिहावी लागते. पण किती त्रास होईल, हे त्या दोन शब्दांवरून कळत नाही. त्यासाठी स्वतः खेळून बघावे लागते.

इंटरनेट सुरू ठेवून सलग तीन डाव पूर्ण खेळा. पहिल्या डावात अनेक अॅप शहाण्यासारखी वागतात, जाहिराती दुसऱ्या-तिसऱ्या डावापासून सुरू होतात. खेळताना मुद्दाम चार गोष्टी करा: एक चुकीचा आकडा भरा, मदतीचे बटण दाबा, डाव अर्धवट सोडा आणि नवा सुरू करा. पडदाभर जाहिराती बहुधा या चार वळणांवर दबा धरून असतात. मग इंटरनेट बंद करून पुन्हा खेळा. सुडोकूला इंटरनेटची काहीच गरज नसते. नेट नसताना जे अॅप उघडायलाच नकार देते, ते ज्येष्ठांच्या फोनवर नको. नेट बंद ठेवल्यावर जे नीट चालते, त्याला संध्याकाळी विमान मोडमध्ये खेळवणे हा फुकटचा उपाय आहे. मात्र काही अॅप जाहिराती आधीच उतरवून ठेवतात, तिथे तो लागू पडत नाही.

पैसे भरून जाहिराती काढायचा पर्याय असेल, तर एकदाच भरायचे आहेत की दर आठवड्याला, हे नीट वाचा. 'तीन दिवस मोफत' म्हणून सुरू होणारी साप्ताहिक वर्गणी चौथ्या दिवसापासून खात्यातून कापली जाते, आणि अॅप फोनवरून काढून टाकले तरी ती थांबत नाही. ती प्ले स्टोअरच्या वर्गणी विभागात जाऊन रद्द करावी लागते. खरेदीसाठी प्रत्येक वेळी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागितला जाईल, अशी व्यवस्थाही तिथेच करता येते.

मी स्वतः सुचवतो तो ब्रिटिश प्रोग्रॅमर सायमन टॅथम यांचा कोड्यांचा संच. प्ले स्टोअरवर तो Simon Tatham's Puzzles या नावाने मिळतो, आयफोनसाठीही आहे. मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि नेट लागत नाही. सुडोकू त्यात Solo या नावाखाली आहे. दिसायला हा संच अगदी साधा, थोडा जुनाट वाटतो. मुले सुरुवातीला नाक मुरडतात. पण त्यात घड्याळ नाही आणि तीन चुकांची फाशी नाही. एकाच ओळीत तोच आकडा दोनदा आला तर तो लाल होतो, इतकेच. मागे कितीही पावले जाता येते.

त्यातील प्रकारांच्या यादीत 2x2 Trivial निवडले की चार बाय चारचा पट येतो. पहिलीतले मूल तो आजीच्या शेजारी बसून सोडवू शकते. 2x3 Basic म्हणजे सहा बाय सहा. तिसरी-चौथीच्या मुलासाठी आणि सुडोकू कधीच न खेळलेल्या आजोबांसाठी सुरुवात इथूनच करावी. नऊ बाय नऊ नंतर. लहान पटात मनात धरायचे आकडे कमी, घरे मोठी आणि डाव पाच-दहा मिनिटांत संपतो, म्हणजे जेवणाची ताटे मांडेपर्यंत एकदा तरी जिंकता येते.

शब्दकोड्याचे वेगळे आहे

आकड्यांच्या कोड्यात नात आजोबांना गाठते, कधी मागेही टाकते. शब्दांत तसे होत नाही. वेग आणि कार्यकारी स्मृती तरुणपणानंतर उतरू लागते, पण शब्दसंग्रह साठी-सत्तरीपर्यंत वाढत राहतो. 'जात्याच्या खुंट्यावरून धरून फिरवतात ते' किंवा 'विहिरीवरचे पाणी काढण्याचे जुने साधन' असे विचारले की आजीला थांबावे लागत नाही आणि नातू तोंडाकडे बघतो. संध्याकाळच्या खेळात एक सुडोकू असेल तर एक शब्दकोडेही असावे, ते यासाठी. दोघांनाही आळीपाळीने हुशार ठरता येते.

अडचण मराठीची आहे. आपल्या कोड्यात एका घरात एक अक्षर बसते आणि ते काना-मात्रा-जोडाक्षरासह एकच मोजले जाते. 'स्वयंपाक' म्हणजे स्व, यं, पा, क अशी चार घरे. फोनच्या आत मात्र हाच शब्द आठ तुकड्यांचा असतो: स, हलन्ताची खूण, व, य, अनुस्वार, प, काना आणि क. इंग्रजीसाठी बनवलेल्या सांगाड्यात मराठी शब्द नुसते ओतले, तर अॅप एक तुकडा म्हणजे एक घर असे धरते. मग काना एकटाच घरात बसतो आणि मात्रा गोल ठिपक्यावर लटकते. कोणतेही मराठी शब्दकोडे अॅप पारखायचे असेल, तर एखादा जोडाक्षराचा शब्द त्यात कसा मांडला जातो ते पाहा. घरे चारच्या जागी आठ दिसली, की ते अॅप काढून टाका.

अक्षरे नीट बसली तरी टाइप करणे उरतेच. 'स्व' लिहायला तीनदा बोट लावावे लागते आणि मराठी कीबोर्डवरच्या कळा बारीक असतात. त्यामुळे माझा सल्ला साधा आहे: सुडोकू अॅपवर, मराठी शब्दकोडे वर्तमानपत्रातले. पानाचा फोटो काढून मोठा करून नातवाने वाचून दाखवावे, आजीने उत्तर सांगावे, लिहिण्याचे काम नातवाकडे. त्याचे जोडाक्षर चुकले तर आजी दुरुस्त करते. हे कोणतेही अॅप करत नाही.

नातवंडे परदेशात असतील आणि इंग्रजी चालत असेल, तर 'वर्डल' उपयोगी पडते. जॉश वॉर्डल यांनी ते आपल्या जोडीदारासाठी बनवले होते. २०२२ च्या जानेवारीत ते न्यूयॉर्क टाइम्सने घेतले. त्याची मर्यादा हाच त्याचा गुण आहे. दिवसाला एकच शब्द, सगळ्यांना तोच, सहा प्रयत्न आणि मग उद्या. पुण्यातली संध्याकाळ आणि अमेरिकेतली सकाळ एकाच तारखेची असते, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडे तोच शब्द समोर असतो.

बसायचे कसे

नात फोन हातात धरते आणि आजोबा शेजारून डोकावतात, तेव्हा पडदा त्यांच्यापासून हात-दीड हातावर तिरका असतो. जवळच्या चष्म्याची भिंग साधारण चाळीस सेंटिमीटरसाठी बनवलेली असते. त्याबाहेर आकडे पुसट होतात आणि ३ व ८, १ व ७ यांत गफलत होते. फोन टेबलावर टेकवून आजोबांच्या समोर ठेवावा, मूल त्यांच्या शेजारी बसावे. टॅबलेट असेल तर उत्तम.

त्याहून चांगली सोय अनेक घरांत आधीच आहे. फोनचा पडदा टीव्हीवर दाखवा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवलेले साधे भिंग बहुधा लांबच्या नजरेसाठी असते, त्यामुळे अशा व्यक्तीला टीव्हीवरचा पट चष्म्याशिवायही स्पष्ट दिसतो. मुलांच्या डोळ्यांनाही जवळच्या पडद्यापेक्षा लांबचा बरा. आणि मुख्य म्हणजे, पट सगळ्यांचा होतो. आजोबा सांगतात, "वरून तिसरी ओळ, शेवटचं घर, दोन," आणि नात आकडा भरते. बोटे एकाची, डोके सगळ्यांचे.

वयस्क बोटांची त्वचा कोरडी असते, त्यामुळे पडद्याला स्पर्श कळत नाही आणि माणूस जोरात दाबतो किंवा बोट रेंगाळते. मग भलतेच काही उघडते. अँड्रॉइड फोनच्या सुलभतेच्या सेटिंगमध्ये Touch & hold delay नावाची सोय आहे. ती 'लांब' वर ठेवली की हा त्रास बराच कमी होतो.

काय अपेक्षा ठेवावी, कशाची काळजी करावी

कोड्यांनी स्मृतिभ्रंश टळतो का? स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे १९३६ साली जन्मलेल्या ४९८ लोकांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अकराव्या वर्षी शाळेत दिलेल्या बुद्धिचाचणीचे गुण हाताशी होते. आयुष्यभर डोके चालवणाऱ्यांची क्षमता म्हातारपणी वरच्या पायरीवर होती, पण तिथून उतरण्याचा वेग त्यांचाही तोच होता. दुसरीकडे, विसराळूपणा सुरू झालेल्या १०७ रुग्णांवरील एका अमेरिकन चाचणीत, दीड वर्षानंतर संगणकावर शब्दकोडी सोडवणारे मेंदूच्या इतर खेळांच्या गटापेक्षा थोडे सरस ठरले. पण काहीच न करणारा गट त्या चाचणीत नव्हता, त्यामुळे त्यावरून औषधाची चिठ्ठी लिहिता येत नाही.

हमी द्यावी असे यात काही नाही. मात्र एकटेपणा, न सुधारलेली नजर आणि कमी ऐकू येणे ही स्मृतिभ्रंशाची धोक्याची कारणे म्हणून २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने नोंदवली आहेत, रक्तदाब आणि मधुमेहाच्या रांगेत. आजोबांना खोलीत एकट्याला फोन देऊन बसवले, तर कोडे सुटेल, एकटेपणा नाही.

काळजी कशाची करावी, हेही सांगतो. नवे अॅप न जमणे हे लक्षण नव्हे. वर्षानुवर्षे रोज शब्दकोडे सोडवणारी व्यक्ती आता कागदावरही अडखळते, नियम पुन्हा पुन्हा विचारते, उत्तर लिहून झाल्यावर तोच प्रश्न परत वाचते, सुट्टे पैसे देताना गोंधळते, ओळखीच्या रस्त्यावर चुकते, आणि हे काही महिन्यांत वाढत गेले आहे, तर डॉक्टरांना दाखवा. ब जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या अशी सुधारता येणारी कारणे आधी तपासली जातात. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि चष्मा सोबत न्या.

आणि त्याआधी एक साधी चाचणी घरीच करा. कागदावर सहा बाय सहाचा पट आखा, आकडे ठळक काढा, जवळचा चष्मा द्या, टीव्ही बंद करा आणि घाई करू नका. तो पट सुटला, तर बिघाड आजोबांमध्ये नाही, फोनमध्ये आहे असे समजा आणि अॅप बदला.